नोटिशीचे उत्तर: सही करण्यापूर्वीचे वाचन

जीएसटीची कारणे दाखवा नोटीस आली की व्यापारी आणि त्याचा करसल्लागार यांचा बहुतेक वेळ कागद जमवण्यात आणि मसुदा लिहिण्यात जातो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मसुदा तयार होतो, त्याची पीडीएफ होते आणि ती पोर्टलवर चढते. या धावपळीत मसुदा तपासून पाहण्याचे काम राहून जाते. अधिकारी मात्र निर्णय देताना त्याच मसुद्यातल्या आकड्यांवर आणि वाक्यांवर बोट ठेवतो. उत्तरात चुकून लिहिलेला आकडा ही करदात्याची कबुली ठरू शकते आणि जो मुद्दा लिहायचा राहिला तो अनुत्तरित समजला जातो. म्हणून या प्रकरणात उत्तर कसे लिहावे हे न सांगता, लिहून झालेले उत्तर कसे तपासावे हे एका नोटिशीच्या आधारे पाहू.

उदाहरण नेहमीच्या प्रकारचे घेऊ. सांगलीतल्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याला राज्य जीएसटी विभागाकडून २२ डिसेंबर २०२३ ची नोटीस आली आहे असे समजा. वर्ष २०१८-१९, कलम ७३, नमुना डीआरसी-०१. आरोप एकच: व्यापाऱ्याने जीएसटीआर-३बी या विवरणपत्रात घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट त्याच्या जीएसटीआर-२ए मध्ये दिसणाऱ्या क्रेडिटपेक्षा जास्त आहे. ३बी हे व्यापाऱ्याने स्वतः भरलेले विवरणपत्र. २ए मात्र त्याच्या पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून आपोआप तयार होते. नोटिशीप्रमाणे ३बी मधले क्रेडिट २१,३३,६०० रुपये, २ए मधले १९,३०,२०० रुपये, म्हणजे फरक २,०३,४०० रुपये. एवढा कर, त्यावर व्याज आणि दंड का वसूल करू नये, असा प्रश्न आहे.

व्यापाऱ्याने वह्या आणि बिले तपासली तेव्हा फरकाची चार कारणे सापडली. एका पुरवठादाराने त्याला केलेली विक्री नोंदणी नसलेल्या ग्राहकाला केलेली विक्री म्हणून दाखवली होती. दुसऱ्याने बिल दाखवले होते, पण भलत्याच जीएसटी क्रमांकावर. कर्नाटकातल्या तिसऱ्या पुरवठादाराने जीएसटीआर-१ भरताना एक बिल गाळले होते. चौथे कारण व्यापाऱ्याच्या बाजूचे होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका बिलाचे क्रेडिट दोनदा घेतले गेले होते. हा शेवटचा भाग त्याने मान्य केला आणि १२ जानेवारी २०२४ रोजी डीआरसी-०३ ने व्याजासह भरून टाकला. उरलेल्या तीन कारणांवर उत्तर लिहिले. तो मसुदा आता आपल्यापुढे आहे.

तो एकदा वाचून भागत नाही. एकाच वाचनात आकडे, संदर्भ आणि युक्तिवाद या सगळ्यांकडे लक्ष दिले की वाचणारा अर्थाच्या ओघात वाहत जातो आणि अंकांवरून नजर नुसती घसरते. म्हणून तीन वेगळी वाचने करायची आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट पाहायची.

पहिले वाचन: आकडे

मसुद्याच्या तिसऱ्या परिच्छेदात असे वाक्य आहे: ‘२,०३,४०० रुपयांच्या फरकापैकी ८२,८०० रुपये पहिल्या पुरवठादाराचे, ५४,००० रुपये दुसऱ्याचे, ३४,२०० रुपये तिसऱ्याचे असून ३२,४०० रुपये दुबार नोंदीचे आहेत व ते भरले आहेत.’ बेरीज करून पाहिली तर बरोबर २,०३,४०० येते. बेरीज जुळली की आकडे तपासून झाले असे बहुतेकांना वाटते. इथे मात्र दोन आकडे चुकले आहेत.

हे दिसण्यासाठी एकूण रकमेऐवजी कराच्या शीर्षानुसार तक्ता मांडावा लागतो. सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी ही वेगळी खाती आहेत. नोटीस, निर्णय आणि भरणा हे सगळे त्या त्या शीर्षाखाली होते. नोटिशीत फरक असा दिला आहे: सीजीएसटी ८५,५००, एसजीएसटी ८५,५००, आयजीएसटी ३२,४००. आता मूळ बिलांवरून चारही कारणे याच रकान्यांत बसवू.

| कारण | सीजीएसटी | एसजीएसटी | आयजीएसटी | एकूण |
|---|---|---|---|---|
| नोंदणी नसलेल्या ग्राहकाची विक्री म्हणून दाखवलेली बिले | ४१,४०० | ४१,४०० | – | ८२,८०० |
| चुकीच्या क्रमांकावर दाखवलेले बिल | २७,००० | २७,००० | – | ५४,००० |
| परराज्यातून आलेले, गाळलेले बिल | – | – | ३२,४०० | ३२,४०० |
| दुबार घेतलेले क्रेडिट | १७,१०० | १७,१०० | – | ३४,२०० |
| एकूण | ८५,५०० | ८५,५०० | ३२,४०० | २,०३,४०० |

मसुद्यात ३२,४०० आणि ३४,२०० यांची अदलाबदल झाली आहे. दोन्ही आकड्यांत तेच अंक असल्यामुळे डोळा फसला आणि दोन्ही एकाच यादीत असल्यामुळे बेरीजही फसली. अधिकारी आयजीएसटीच्या रकान्यात पाहील तेव्हा त्याला ३२,४०० च्या आरोपावर ३४,२०० चे स्पष्टीकरण दिसेल. दुबार क्रेडिटबाबत तर गोंधळ आणखी वाढेल, कारण मसुदा ३२,४०० रुपये भरल्याचे सांगतो आणि सोबतच्या डीआरसी-०३ वर करापोटी ३४,२०० रुपये आहेत. खरे उत्तर असूनही ते अविश्वसनीय दिसेल.

अंकांची अशी अदलाबदल ओळखायला हिशेबनिसांची एक जुनी कसोटी उपयोगी पडते. दोन अंकांच्या जागा बदलल्या असतील तर खऱ्या आणि चुकीच्या आकड्यातला फरक नेहमी ९ ने भागला जातो. इथे फरक १,८०० आहे, म्हणजे ९ गुणिले २००. त्यामुळे कुठे ताळा जुळत नसेल आणि तफावतीला ९ ने भाग जात असेल, तर आधी उलटसुलट टाइप झालेला आकडा शोधावा. ही कसोटी संशय कुठे घ्यायचा तेवढे सांगते. फरक ९ ने भागला जाण्याची इतर कारणेही असू शकतात.

तपासताना आकडा कशाशी ताडून पाहायचा, हे तितकेच महत्त्वाचे. मसुदा ज्या एक्सेल फाइलवरून लिहिला तिच्याशीच तो ताडला, तर फाइलमधली चूक दोन्हीकडे सारखीच राहते आणि सगळे जुळल्यासारखे दिसते. म्हणून नोटिशीतला आकडा नोटिशीवरून, ३बी चा पोर्टलवरून उतरवलेल्या विवरणपत्रावरून, बिलाचा मूळ बिलावरून आणि भरण्याचा डीआरसी-०३ वरून पाहायचा. उत्तम पद्धत म्हणजे छापील प्रत घेऊन दोघांनी बसायचे. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचे, ‘बेचाळीस हजार’ असे एकदम न म्हणता अंक सुटे उच्चारायचे, आणि दुसऱ्याने मसुद्यात त्या अंकांवर खूण करायची. वाचणाऱ्याच्या हाती मसुदा द्यायचा नाही, नाहीतर तो मसुद्यात आहे तेच वाचतो.

२ए बाबत एक खास काळजी घ्यावी लागते, कारण हे विवरण स्थिर नसते. पुरवठादाराने उशिरा विवरणपत्र भरले किंवा दुरुस्ती केली की त्यातला आकडा बदलतो. त्यामुळे नोटिशीतला २ए चा आकडा आणि आज पोर्टलवर दिसणारा आकडा वेगळे असू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. मसुद्यात २ए चा आकडा जिथे जिथे येईल तिथे तो नोटिशीतला आहे की अमुक तारखेला उतरवलेला आहे, हे लिहिलेले असले पाहिजे. तारीख नसलेला २ए चा आकडा दिसला की तिथे खूण करावी.

शेवटी व्याज. चुकीने घेऊन वापरलेल्या क्रेडिटवर कलम ५०(३) नुसार वर्षाला १८ टक्के व्याज लागते. या व्यापाऱ्याने ते क्रेडिट २० डिसेंबर २०१८ रोजी भरलेल्या विवरणपत्रात वापरले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी भरले. पाच वर्षांहून थोडा जास्त काळ झाला, म्हणून ३४,२०० वरचे व्याज ३१ हजारांच्या आसपास जाते. मसुद्यात नुसती व्याजाची रक्कम लिहिलेली असेल तर ती तपासता येत नाही. मूळ रक्कम, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, दिवस आणि दर या पाच गोष्टी लिहिल्या असतील तर वाचणारा स्वतः गणित करून पाहू शकतो. अधिकाऱ्यालाही तेच हवे असते.

दुसरे वाचन: संदर्भ

दुसऱ्या वाचनात रकमा सोडून द्यायच्या आणि फक्त नाव-निशाणी पाहायची: क्रमांक, तारखा, कलमे, परिपत्रके, निवाडे, जोडपत्रे.

सुरुवात नोटिशीच्या संदर्भ क्रमांकापासून करावी. अक्षरे आणि अंक मिसळलेला हा लांब क्रमांक हाताने टाइप केला की शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत होते. व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. पुरवठादारांचे क्रमांक तपासताना हे कामाला येते. कर्नाटकातल्या पुरवठादाराचा क्रमांक मसुद्यात २७ ने सुरू होत असेल, तर तो चुकीचा आहे हे बिल न उघडताही कळते, कारण कर्नाटकाचा कोड २९ आहे.

कलमांच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी चूक एका अंकाची आहे. कलम ७३ ची नोटीस फसवणुकीचा आरोप नसलेल्या प्रकरणांसाठी असते. कलम ७४ फसवणूक किंवा हेतुपुरस्सर दडवादडवीसाठी आहे आणि तिथे दंड कराइतकाच होऊ शकतो. दुसऱ्या अशिलाच्या जुन्या उत्तरावरून मसुदा केला असेल तर ‘कलम ७४ खालील आपल्या नोटिशीस अनुसरून’ असे वाक्य तसेच राहून जाते. ७४ शोधून प्रत्येक जागा उघडून पाहावी.

त्यानंतर प्रत्येक तरतूद त्या वर्षी अस्तित्वात होती का, हे पाहायचे. आपल्या मसुद्यात दोन ठिकाणी ‘जीएसटीआर-२बी’ आणि एका ठिकाणी ‘कलम १६(२)(एए)’ आले आहे. २बी हे विवरण ऑगस्ट २०२० पासून सुरू झाले आणि १६(२)(एए) ही अट १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. २०१८-१९ च्या वादात दोन्ही नकोत. यातला दुसरा उल्लेख तर व्यापाऱ्याच्याच विरोधात जातो. बिल पुरवठादाराच्या विवरणात दिसलेच पाहिजे ही ती अट असून, त्या वर्षी ती नव्हती हाच त्याचा बचाव आहे. मसुद्यात पुढे नियम ३६(४) चाही उल्लेख आहे, तोही ९ ऑक्टोबर २०१९ नंतरचा.

या प्रकरणाचा खरा आधार म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाचे २७ डिसेंबर २०२२ चे परिपत्रक क्रमांक १८३. २०१७-१८ आणि २०१८-१९ या वर्षांतल्या ३बी आणि २ए च्या फरकासाठीच ते काढले आहे आणि आपल्या व्यापाऱ्याची तीनही कारणे त्यात आली आहेत. एका पुरवठादाराबाबतचा फरक वर्षाला पाच लाखांपर्यंत असेल तर त्या पुरवठादाराचे स्वतःचे प्रमाणपत्र चालते. त्याहून जास्त असेल तर चार्टर्ड अकाउंटंट किंवा कॉस्ट अकाउंटंटचे लागते. माल खरोखर पुरवला आणि त्यावरचा कर ३बी द्वारे भरला, असे त्यात म्हटलेले हवे. मसुद्यात पहिल्या पुरवठादाराच्या बिलांचे ४,६०,००० रुपये हे करपूर्व मूल्य देऊन ‘मर्यादेत असल्याने’ असे लिहिले आहे. निष्कर्ष बरोबर असला तरी आकडा चुकीचा आहे. मर्यादा क्रेडिटच्या फरकाला लागू आहे, मालाच्या किमतीला नाही. इथे ८२,८०० लिहायला हवे. प्रमाणपत्र उघडून त्यातले बिल क्रमांक आणि रकमा तक्त्याशी ताडून पाहायच्या, आणि करभरणा ३बी द्वारे केल्याचे वाक्य त्यात आहे ना हेही. ते वाक्य नसेल तर प्रमाणपत्र नव्याने मागवावे लागते, म्हणून ही तपासणी मुदतीच्या पुरेशी आधी व्हावी.

निवाड्यांचेही तसेच. मसुद्यात कलकत्ता उच्च न्यायालयाच्या सनक्राफ्ट एनर्जी निकालाचा, २ ऑगस्ट २०२३ चा, आधार घेतला आहे. पुरवठादारावर आधी कारवाई न करता खरेदीदाराकडून क्रेडिट परत मागण्याला त्या न्यायालयाने आक्षेप घेतला, हे खरे. पण मसुदा पुढे म्हणतो की ‘सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला’. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विभागाची विशेष अनुमती याचिका फेटाळली, तीही मागणीची रक्कम कमी असल्याचा उल्लेख करून. कायद्याच्या प्रश्नावर तो निर्णय नाही. वाक्य ‘विशेष अनुमती याचिका फेटाळण्यात आली’ एवढेच हवे. जो अधिकारी हा आदेश वाचून बसला असेल त्याच्यापुढे अतिशयोक्त वाक्याने बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचेही वजन कमी होते.

जोडपत्रे सर्वांत शेवटी तपासावीत. मसुदा फिरत असताना एखादे जोडपत्र काढले किंवा घातले जाते आणि पुढचे सर्व क्रमांक सरकतात. ‘जोडपत्र ४ पाहावे’ असे जिथे आहे तिथे जोडपत्र ४ प्रत्यक्ष उघडून त्यात ते बिल आहे का, हे पाहायचे. नुसती यादी पाहून चालत नाही.

तिसरे वाचन: दाव्यांचा क्रम

आता आकडे आणि संदर्भ बरोबर आहेत असे धरून फक्त परिच्छेदांचा क्रम पाहू. यासाठी प्रत्येक परिच्छेदाचे म्हणणे समासात एका ओळीत लिहावे आणि मग समासच वाचावा. आपल्या मसुद्याचा समास असा दिसतो: आम्ही छोटे व्यापारी आहोत, चूक पुरवठादारांची आहे, घेतलेले सर्व क्रेडिट बरोबर आहे, परिपत्रक १८३ लागू आहे, नोटीस मुदतबाह्य आहे, दुबार क्रेडिट भरले आहे, नोटीस रद्द करावी.

तिसरी आणि सहावी ओळ शेजारी ठेवली की विसंगती दिसते. सर्व क्रेडिट बरोबर असेल तर ३४,२०० रुपये का भरले? मान्य भाग आधी वेगळा काढला की हा प्रश्न उरत नाही. एकूण २,०३,४०० पैकी ३४,२०० मान्य, व्याजासह भरले, त्याचा तपशील अमुक जोडपत्रात. उरलेल्या १,६९,२०० रुपयांचे क्रेडिट योग्य असून त्याचा खुलासा पुढीलप्रमाणे. यापुढे उत्तर फक्त १,६९,२०० रुपयांबद्दल बोलते. नोटिशीपासून तीस दिवसांच्या आत, म्हणजे २१ जानेवारी २०२४ पर्यंत कर आणि व्याज भरले तर दंड लागत नाही, अशी तरतूद कलम ७३(८) मध्ये आहे. १२ जानेवारीचा भरणा त्या मुदतीत आहे, म्हणून दंड न लावण्याची विनंतीही याच परिच्छेदात हवी, शेवटी विखुरलेली नको.

मुदतीचा मुद्दा पाचव्या जागी शोभत नाही. अधिकार किंवा मुदत नसल्याची हरकत खरी असेल तर ती सर्वांत आधी घ्यायची असते, कारण ती मान्य झाली तर पुढचे काहीच पाहावे लागत नाही. पण आधी ती खरी आहे का ते पाहावे लागेल. २०१८-१९ च्या वार्षिक विवरणपत्राची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२० होती. तिथून तीन वर्षांत आदेश आणि त्याआधी किमान तीन महिने नोटीस, हा कलम ७३ चा नियम. मात्र ३१ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने त्या वर्षासाठी आदेशाची मुदत ३१ मार्च २०२४ केली. २२ डिसेंबर २०२३ ची नोटीस त्या हिशेबाने मुदतीत आहे. ‘नोटीस मुदतबाह्य आहे’ हे वाक्य जुन्या उत्तरातून आलेले दिसते आणि ते काढायला हवे. अशा मुदतवाढीच्या अधिसूचनांच्या वैधतेलाच न्यायालयांत आव्हान दिले गेले आहे. तो मुद्दा घ्यायचा असेल तर तो तसा स्पष्ट लिहून पहिल्या जागी ठेवावा.

मुख्य भागात तीन पुरवठादार नोटिशीतल्या किंवा तक्त्यातल्या क्रमानेच यावेत. प्रत्येकाखाली चार गोष्टी एकाच क्रमाने: काय घडले, त्याचा कागद कोणता, परिपत्रकातला कोणता भाग लागू, आणि म्हणून किती रकमेची मागणी टिकत नाही. मसुद्यात परिपत्रक आधी आणि घटना नंतर आल्यामुळे ते नेमके कोणत्या बिलाला लावले आहे हे वाचणाऱ्याला शोधावे लागते. पर्यायी म्हणणे, म्हणजे मुख्य मुद्दा मान्य झाला नाही तरी निदान दंड लावू नये, हे मुख्य म्हणण्यानंतरच आणि ‘वरील म्हणण्यास बाध न आणता’ असे म्हणूनच यावे. ते आधी आले की मुख्य दाव्यावर आपलाच विश्वास नाही असे दिसते. पुरवठादारांची चूक असल्याची तक्रार स्वतंत्र परिच्छेदात नको. ती प्रत्येक बिलाच्या घटनेत आलीच आहे.

शेवटची विनंती तक्त्याशी जुळवून पाहावी. मसुद्यातले ‘नोटीस रद्द करावी’ आता पुरेसे नाही. ३४,२०० चा भरणा नोंदवून घ्यावा, १,६९,२०० ची मागणी वगळावी, दंड लावू नये आणि प्रत्यक्ष सुनावणी द्यावी, अशा चार वेगळ्या विनंत्या होतात. सुनावणीबाबत पत्रातले वाक्य आणि डीआरसी-०६ या उत्तराच्या नमुन्यातला पर्याय एकच हवेत. पत्रात सुनावणी मागितली आणि पोर्टलवर ‘नाही’ निवडले, असे घडते. कलम ७५(४) प्रमाणे विरुद्ध निर्णय द्यायचा असेल तर सुनावणी द्यावीच लागते, तरी असा विरोधाभास पुढे वादाचे कारण होतो.

या तिन्ही वाचनांतल्या दुरुस्त्या झाल्यावर तयार झालेली पीडीएफ पुन्हा उघडावी, कारण वर्डमधून बदलताना तक्त्याचा रकाना कापला जाऊ शकतो आणि जोडपत्रांच्या स्कॅनमध्ये पान सुटू शकते. तक्त्यातली प्रत्येक रक्कम मजकुरात एकदा समजावलेली आणि एका जोडपत्राशी बांधलेली आहे, आणि मजकुरातली प्रत्येक रक्कम तक्त्यात आहे, एवढे शेवटी पाहायचे. कलम ७५(७) अधिकाऱ्याला नोटिशीतल्या रकमेच्या आणि कारणांच्या पलीकडे जाऊ देत नाही. पहिल्या अपिलातही नवा पुरावा सहज दाखल होत नाही, त्यावर नियम ११२ ची बंधने आहेत. नोटीस आणि उत्तर या दोन कागदांतच प्रकरण बरेचसे ठरत असल्यामुळे नोटिशीतल्या प्रत्येक रुपयाला उत्तरात त्याची एक आणि एकच जागा असली पाहिजे.